बोट कोणाची, चेहरा कोणाचा

श्रोतेहो, नमस्कार. चूक करणाऱ्याला समाजमाध्यमांवर उघडं पाडावं का? एका बंदरावर घडलेली गोष्ट सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कळेल.

1 जून ते 31 जुलै आपल्याकडे यांत्रिक मासेमारीला बंदी. का, ते तुम्हाला सांगायला नको. तरी एका जूनमध्ये एक ट्रॉलर रात्रीचा बाहेर पडायचा. रापणकरांनी तक्रार केली, कोणी फिरकलं नाही. शेवटी एका पोरानं पहाटे मासळी उतरतानाचा व्हिडिओ फेसबुकवर टाकला. दुपारी मत्स्यव्यवसाय खात्याची माणसं बंदरात हजर! बोट अडकवली, दंड झाला. इथवर मी त्या पोराच्या बाजूचा. आणि एक सांगतो, पावसात ताजं पापलेट मागणारं गिऱ्हाईक नसतं, तर ती बोट गेलीच नसती. दोन महिने सुकट खावी, सुके बांगडे खावेत.

तर, व्हिडिओत दिसत होता तांडेल. मालक घरी होता. बोट मालकाची, हुकूम मालकाचा, चेहरा मात्र तांडेलाचा. शिव्या त्यालाच पडल्या. त्याची आई आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. तिचा फोटो फिरला, 'हिच्याकडून काही घेऊ नका' म्हणून. ऑगस्टमध्ये मासेमारी रीतसर सुरू झाली आणि तोच व्हिडिओ पुन्हा फिरला, जणू कालचाच. त्यावर तारीखच नव्हती. तांडेलाला कोणी बोटीवर घेईना. दंड मालकानं एकदा भरला. तांडेल मात्र भरतच राहिला.

तांडेल निर्दोष नव्हता, हेही सांगतो. पण शिक्षेला माप लागतं आणि शेवट लागतो. शिव्या देणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, मी एकच तर वाक्य लिहिलं. 2018 मध्ये सावाओका आणि मोनिन या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. एकट्यानं दिलेली समज लोकांना योग्य वाटते; तीच अनेकांच्या गर्दीत आली की छळ वाटू लागते आणि सहानुभूती चुकणाऱ्याकडे वळते. म्हणजे गर्दी वाढली की मूळ गुन्हाच बाजूला पडतो.

वाळीत टाकणं आपल्या कोकणानं पाहिलंय. त्याविरुद्ध राज्यानं 2016 चा कायदा केला, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. त्या आईच्या टोपलीकडे पाठ फिरवणं याहून फार वेगळं आहे, असं मला वाटत नाही.

म्हणून, बंदीत बोट दिसली तर आधी परवाना अधिकाऱ्याला कळवा. तो हललाच नाही, तर व्हिडिओ जरूर टाका. पण बोटीचा क्रमांक दाखवा, तारीख लिहा, खलाशांचे चेहरे झाका. बोटीचा क्रमांक, तारीख, चेहरे झाकलेले. आणि दंड भरला गेला, की तेही त्याच जागी लिहा. नमस्कार.