मुंगीवरचं टिंब

नमस्कार मंडळी. आज जरा घरगुती गोष्ट सांगणारे. मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी मिळून लहान मुलांच्या मराठी पुस्तकांचं प्रकाशन काढलंय. छोटं म्हणजे किती छोटं, तर वर्षाला तीन पुस्तकं, एकेकाच्या हजार प्रती, आणि गोदाम म्हणजे तिच्या घरातल्या दिवाणाखालची जागा. पहिल्या पुस्तकाचा मजकूर झाला, चित्रं झाली, कागदाचे नमुने घरी येऊन पडले आणि सगळं अडलं ते नावापाशी.

सुरुवातीला आम्ही किराणा बिलांच्या पाठीमागे नावं लिहून काढली, चाळीसेक झाली असतील, आणि वाचायला बसलो तर लक्षात आलं की त्याचे सरळ दोन गठ्ठे पडतायत. एका गठ्ठ्यात ज्ञान, दीप, अंकुर, संस्कार असले शब्द उलटेपालटे जोडलेले. ऐकल्याबरोबर हात धुऊन शुभंकरोति म्हणायला बसावं असं वाटणारे. दुसऱ्यात धम्माल, टुणटुण, गंमतजंमत. माझ्या भावानं मधेच 'कसर प्रकाशन' सुचवलं, कसर म्हणजे ती पुस्तकं खाणारी चंदेरी कीड, आणि वर म्हणतो पैशाचीही कसर निघेल. तेही लिहून ठेवलं.

मग मैत्रिणीनं एक परीक्षा काढली आणि मला ती आजही पटते. आमच्याकडे तेव्हा दोन पुस्तकं ठरलेली होती. एक अगदी वात्रट, शेपूट हरवलेल्या माकडाचं. दुसरं एका मुलीचं, तिच्या आजोबांना हळूहळू तिचं नावच आठवेनासं होतं, असं. ती म्हणाली, प्रत्येक नाव दोन्ही पुस्तकांच्या पहिल्या पानावर खाली लिहून बघायचं. माकडाखाली 'ज्ञान' काहीतरी लिहिलं की माकड गप्प बसायचं. आजोबांखाली 'धम्माल प्रकाशन' लिहिलं तेव्हा आम्ही दोघीही गप्प बसलो. चाळीसातली तीसेक नावं तिथेच गेली.

'बाल' वाली नावं गेली ती माझ्या भाच्यामुळे. सहावीत आहे. त्याला विचारलं, 'बाल' असं लिहिलेलं पुस्तक शाळेत नेशील का, तर म्हणाला, 'मावशी, ते कव्हर घालून न्यावं लागेल.' मुलाला अकरा वर्षं झाली की त्याला बाल म्हटलेलं चालत नाही, चिमुकले आणि छोटे तर त्याच्याही आधी नकोसे होतात. आणि आम्हाला तर दहा-बारा वर्षांची मुलंही वाचायला हवी होती.

मग आम्ही जुनं चाळायला घेतलं, मराठीत आधी कुणी काय नावं ठेवली ते. 1881 साली विनायक कोंडदेव ओकांनी मुलांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव 'बालबोध'. बोध हा शब्द आहेच, पण बालबोध म्हणजे आपली देवनागरी लिपीसुद्धा, मोडी नव्हे ती, म्हणजे नावात एक कोटी लपलेली आहे, फक्त ती मोठ्यांना कळणारी. पुढे 1906 साली वासुदेव गोविंद आपटे यांचं मासिक आलं आणि त्याचं नाव नुसतं 'आनंद'. पंचवीस वर्षांत बोधापासून आनंदापर्यंत! पण मी खरी अडकले ती 'चांदोबा'पाशी. मूळ नाव चंदामामा, पण मराठीत येताना तो मामा राहिला नाही, चांदोबा झाला.

हे 'ओबा' प्रकरण जरा बघा. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, हे देव. वाघोबा, नागोबा, ज्यांना भ्यायचं ते प्राणी. ससोबा, चांदोबा, हे खेळातले. तीच शेपटी, देवालाही आणि सशालाही. इतर भाषांत लहान मुलांसाठी बोलायचं म्हटलं की पुष्कळदा वस्तू लहान करतात, छोटुकली करतात. आपल्याकडे बरोबर उलटं होतं, सशाला मोठं करतात, त्याला मान देतात. बेडूकराव, हत्तीदादा, चिऊताई, उंदीरमामा. बेडकाला राव म्हटलं की हसू येतं, पण ते हसू बेडकाला खाली ढकलून आलेलं नसतं. मला वाटतं आम्ही जे शोधत होतो ते हेच, गंमत आणि मान एकाच शब्दात. दोन गठ्ठ्यांतून एकेक शब्द उचलून 'ज्ञानगंमत' असं शिवत बसायचं काही कारणच नव्हतं. (शिवून बघितलं होतं, खोटं कशाला बोलू.)

इंग्लंडमध्येही एकांना हीच अडचण आली होती. 1935 साली ॲलन लेन स्वस्त आणि चांगली पुस्तकं काढणार होते, त्यांना नाव हवं होतं रुबाबदार पण जरासं थिल्लर. त्यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी बाईंनी पेंग्विन सुचवलं आणि लेननी एका तरुण सहकाऱ्याला लगेच लंडनच्या झूमध्ये पाठवलं, पेंग्विनची चित्रं काढून आण म्हणून. पेंग्विन म्हणजे काळा कोट घातलेला आणि चालताना डुलणारा. आमच्या भाषेत पेंग्विनराव. पण पेंग्विन इथे आणून चालणार नव्हतं, आपला कोण?

आपली निघाली मुंगी. कशी निघाली ते सांगते. मैत्रिणीच्या आई भाजी निवडत होत्या, आम्ही 'खारूताई' का 'मुंगीताई' असा वाद घालत होतो, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, 'लहानपण देगा देवा, मुंगी साखरेचा रवा.' झालं. आपण शाळेत निबंधात हे हमखास चुकीचं लिहितो, बालपण परत दे अशा अर्थानं. तुकोबांना म्हणायचंय लहान राहणं, नम्र राहणं, कारण पुढे लगेच ऐरावताला अंकुशाचा मार आहेच. पण चुकीचा अर्थही आमच्या कामाचाच होता! शिवाय मुक्ताबाईंची ती आकाशात उडालेली मुंगी, सूर्य गिळणारी. पाच वर्षांच्या पोराला ते ऐकून खदखदून हसू येतं आणि मोठी माणसं जन्मभर त्याचा अर्थ लावत बसतात.

'ताई' मात्र आम्ही काढली. मी मघाशी एवढं मानाचं सांगितलं आणि शेवटी ताईच काढली, हो. कारण मुंगीताई म्हटलं की ते अंगणवाडीत जाऊन बसतं, भाचा परत कव्हर घालणार. नुसतं 'मुंगी प्रकाशन' म्हटलं तर 'प्रकाशन' हा शब्द एकटाच रावाचं काम करतो. पगडी घातलेली मुंगी. दोन्ही पुस्तकांखाली लिहून बघितलं. माकडाखाली शोभलं, आणि आजोबांच्या पुस्तकाखाली ते टोचलं नाही, उगाच दु:खीही वाटलं नाही.

आता रुक्ष भाग, पण इथेच लोक फसतात म्हणून सांगते. नाव सुंदर असून भागत नाही, ते तुमचं होऊ शकतं का ते बघावं लागतं. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं, छापील पुस्तकं वर्ग 16 मध्ये येतात, आणि नुसतं जसंच्या तसं नाव शोधून थांबायचं नाही, उच्चारावरून शोधायची सोय आहे तीही वापरायची. आणि एक गंमत म्हणजे, जे नाव वस्तूचं नुसतं वर्णन करतं ते सहसा नोंदवून मिळत नाही. 'मुलांची पुस्तकं' हे नाव कुणा एकाचं कसं होणार? मुंगीचा आणि पुस्तकाचा तसा काही संबंध नाही, म्हणून उलट तीच बरी. हे सगळं पहिलं पुस्तक छापायच्या आधी करायचं, कारण आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखीचा नंबर, घेताना प्रकाशकाच्या नावानं नोंद होते (नंबर आपल्याकडे फुकट मिळतो), त्या तेरा आकड्यांतले मधले काही आकडे म्हणजे तुम्हीच असता, आणि पुढे नाव बदललं तरी छापून गेलेली पुस्तकं ग्रंथालयांच्या यादीत जुन्याच नावानं राहतात. बँकेचंही तसंच, शाळा चेक देणार 'मुंगी प्रकाशन' नावानं, तर त्या नावाचं खातं लागतं, आणि खात्याला त्या नावाचा कागद लागतो, दुकान नोंदणीचा किंवा उद्यमचा. आमच्या बँकेतल्या काउंटरवरचे गृहस्थ फॉर्म वाचून म्हणाले, 'मुंगी? खरंच?' मी म्हटलं, 'हो, प्रकाशन.' लगेच सरळ बसले. बघा, मी म्हटलं नव्हतं!

इंग्रजी स्पेलिंगवर आमचे दोन दिवस गेले. वेबसाइटला `mungi` का `mungee`? दुसरं जास्त नीट उच्चारतात लोक, पण फोनवर सांगताना दोन ई सांगत बसावं लागतं. पहिलं घेतलं. ज्यांच्या नावात ळ किंवा ण आहे त्यांनी हा विचार आणखी आधी करावा, कारण तुमचा ळ तिकडे ल होऊन जातो आणि मग शोधणाऱ्याला तुम्ही सापडतच नाही.

आणि शेवटी टिंब. आमची पुस्तकं चोवीस पानांची, मधे पिना मारलेली, म्हणजे त्यांना कणाच नसतो. जाड पुस्तकाचं प्रकाशन कपाटात उभ्या कण्यावर दिसतं, आमचं दिसणार फक्त मुखपृष्ठावर आणि मलपृष्ठाच्या खालच्या कोपऱ्यात, बारकोडशेजारी, जेमतेम सहा-सात मिलिमीटर उंचीत. तेवढ्यात 'मुंगी' लिहायचं म्हणजे म च्या खाली उकार, वर अनुस्वार, शेजारी ग ची वेलांटी. पहिला प्रूफ आला त्यात अनुस्वार गायब! बारीक टिंब, खाली निळं आकाश छापलेलं, त्यात बुडून गेलं. मलपृष्ठावर स्वच्छ लिहिलेलं, 'मुगी प्रकाशन'. मैत्रीण म्हणाली, आता खिचडी काढू आपण.

आमच्या चित्रकारानं मग अक्षर तसंच ठेवलं आणि टिंब वाढवलं, नेहमीच्या दुप्पट, आणि गोल न ठेवता जरा चौकोनी, खडबडीत केलं. आम्ही विचारलं हे काय, तर म्हणाला साखरेचा रवा. मुंगी त्यानं काढलीच नाही कुठे. मागे पट्टीही पांढरी ठेवायला सांगितली, कुठल्याही पुस्तकाचं मलपृष्ठ कुठल्याही रंगाचं असो. ते आम्ही घरच्या प्रिंटरवर पोस्टाच्या तिकिटाएवढं छापून, हात लांब करून, चष्मा काढून वाचून बघितलं. टिंब दिसलं.

पुस्तक आलं तेव्हा शेजारच्या पहिलीतल्या मुलीला दिलं. तिनं ते उलटं केलं, जोडाक्षर आलं की अडते ती, पण पहिला शब्द बोट ठेवून वाचला, मुं-गी, 'प्रकाशन' सोडून दिलं आणि सगळं मलपृष्ठ नखानं शोधत राहिली. मग विचारलं, 'मुंगी कुठंय?' मी तिला टिंब दाखवलं. ती म्हणाली, 'ही तर साखर आहे. मुंगी आत गेली असेल.' आणि पुस्तक उघडलं.

बरं, वेळ संपली. नमस्कार.