नांदायला ये, नाहीतर तुरुंगात जा

मंडळी, लग्न हा संस्कार की करार, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे आणि बहुतेक वेळा तो हवेतच चालतो. हिंदूंचा संस्कार, मुसलमानांचा करार, ख्रिस्ती लोकांचं साक्रामेंत म्हणजे पवित्र विधी, असे शिक्के मारले की आपलं समाधान होतं. मला स्वतःला त्यातून फारसं काही कळत नाही. दोघांपैकी एकाने “मी नांदणार नाही” म्हटलं की पुढे काय होतं, हे बघितलं तर कळतं. म्हणून आज मी मुंबई हायकोर्टातला एकच दावा घेणार आहे.

दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली रखमाबाईंवर तो लावला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं, पण त्या सासरी नांदायला कधी गेल्याच नाहीत. आई जयंतीबाई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून त्या शिकल्या. दावा लागला तेव्हा त्या विशीच्या होत्या. दादाजींची मागणी साधी होती: माझी बायको माझ्या घरी पाठवा.

पण असा दावा कोर्टात लावता येतो, हे आलं कुठून? शास्त्रांतून नक्कीच नाही. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतला उपाय. तिथे लग्न हे देवासमोरचं बंधन, तेव्हा वेगळं राहणं हे पाप, आणि पाप्याला परत आणणं हे बिशपच्या कोर्टाचं काम. हुकूम मोडणाऱ्याला आधी धर्मबहिष्कृत करत. १८१३ पासून त्याऐवजी सहा महिन्यांपर्यंत तुरुंग आला. हीच तरतूद कंपनी सरकारच्या मागोमाग मुंबईत उतरली.

पहिला खटका पारशांशी उडाला. पेरोझबाई नावाच्या बाईंनी नवऱ्याविरुद्ध, अर्देसर कर्सेटजींविरुद्ध, असाच दावा लावला. १८५६ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या सर्वात वरच्या अपील कोर्टाने, सांगितलं की चर्चचा कायदा ख्रिस्ती लग्नासाठी आहे, त्या बाजूने पारशांचा दावा चालणार नाही. पारशी मंडळींनी मग स्वतःचा विवाह कायदाच मागून घेतला. तो १८६५ साली आला. पुढे १८६७ साली एका मुसलमान जोडप्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनेच मान्य केलं की दिवाणी कोर्टात असा दावा चालेल, मात्र निवाडा त्यांच्या धर्माच्या कायद्याने व्हायला हवा. इथून हिंदूंकडे यायला वाट मोकळी झाली.

रखमाबाईंचा खटला आधी न्यायमूर्ती पिन्ही यांच्यापुढे आला. सप्टेंबर १८८५मध्ये त्यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं असं, की ही दोघं कधी एकत्र राहिलीच नाहीत, मग परत कशाला पाठवायचं? आणि हिंदू शास्त्रात याला आधार मला दाखवा. टिळक या निकालावर तुटून पडले. अपील झालं. मार्च १८८६मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी निकाल फिरवला. हिंदू लग्न विधी झाला की पुरं होतं, सहवास झाला की नाही हा प्रश्नच नाही, असं त्यांचं म्हणणं.

शास्त्र म्हणून बघाल तर यात चूक नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की विवाहमंत्रांची पूर्तता सातव्या पावलाला होते. सातवं पाऊल पडलं की संपलं. मुलगी दान दिली जाते. तिला विचारायची पायरी विधीत नाही. पण त्याच शास्त्राची दुसरी बाजू कोर्टात मागे पडली. नवरा-बायकोने एकमेकांवर राजाकडे दावे लावू नयेत असं वचन आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका मिताक्षरा पुढे म्हणते की राजाच्या कानावर आलंच, तर त्याने दोघांनाही आपापल्या धर्माच्या वाटेवर आणावं. दोघांनाही, हे लक्षात घ्या! तिथे लग्न हे कर्तव्य आहे आणि ते नवऱ्यालाही लागू आहे.

शिवाय प्रत्यक्षातली वहिवाट पोथीपेक्षा बरीच सैल होती. रखमाबाई सुतार समाजातल्या. त्यांच्यात पाट लागत असे. खुद्द जयंतीबाई विधवा होऊन पुन्हा लग्न केलेल्या. आपल्याकडे अनेक जातींत काडीमोड होत असे आणि जातपंचायत तो देत असे. पण १८७६ सालीच मुंबई हायकोर्टाने एका खटल्यात म्हटलं होतं की लग्न मोडण्याचा किंवा दुसऱ्या लग्नाला परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही. म्हणजे पोथीतली गाठ कोर्टाने उचलली आणि ती सोडवायची गावातली सोय मात्र काढून घेतली.

आता त्याच १८८६ सालात अलाहाबादला चला. अब्दुल कादिर विरुद्ध सलीमा. दावा तोच, बायको नांदायला पाठवा. न्यायमूर्ती महमूद यांनी लिहिलं की मुसलमानी लग्न हा दिवाणी करार आहे. करार म्हटला की देणंघेणं आलं. निकाहात इजाब आणि कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि होकार, होतात आणि मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, ठरतो. मेहराचा काही भाग मागताक्षणी द्यायचा, काही पुढे, तलाक किंवा मृत्यूनंतर. मागताक्षणी देय असलेला भाग मिळेपर्यंत बायको नवऱ्याकडे जायला नकार देऊ शकते. अलाहाबाद कोर्टाने ठरवलं ते असं: सहवास आधी झालेला असेल तर दावा सरसकट फेटाळायचा नाही, पण हुकूम द्यायचा तो मेहर चुकता करण्याच्या अटीवर. सलीमाच्या हातात निदान ही एक कळ होती. तलाक मात्र नवऱ्याच्या तोंडी, हेही विसरू नका.

आणि ज्या धर्मातून हा दावा आला त्याचं काय? वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक माणसाला विचारा. १५६३ साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने ठरवलं की लग्न धर्मगुरू आणि दोन साक्षीदारांसमोर व्हायला हवं. पण कॅथलिक शिकवणीत हे साक्रामेंत वधू-वरच एकमेकांना देतात, पाद्री फक्त चर्चतर्फे त्यांची संमती घेतो. जबरदस्तीची संमती असेल तर लग्न झालंच नाही, असं चर्च म्हणतं. आणि सहवास झालेला नसेल तर पोप ते लग्न सोडवूही शकतो. गंमत बघा, अकराव्या वर्षी बोहल्यावर चढवलेली आणि कधी न नांदलेली रखमाबाई रोमच्या चर्चपुढे उभी राहिली असती, तर तिची बाजू बरीच भक्कम ठरली असती.

तिच्या वाट्याला काय आलं? बंधन संस्काराचं, संमती न विचारता पडलेलं. जबरदस्ती चर्चच्या कोर्टाची. मेहरासारखी अट नाही, पोपसारखी सुटका नाही, पंचायतीचा काडीमोडही नाही. प्रत्येकाकडची कडक तेवढी बाजू तिला मिळाली. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. इंग्लंडमध्ये १८८४ सालीच, म्हणजे दावा लागला त्याच वर्षी, या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं होतं. रखमाबाईंनी तुरुंग पसंत असल्याचं कळवलं.

तुरुंगाची वेळ आली नाही. १८८८ साली तडजोड झाली, दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकूम बजावायचा नाही असं मान्य केलं. म्हणजे संस्काराचा दावा शेवटी पैशाच्या करारानेच मिटला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या.

भारतात या कारणासाठी तुरुंग बंद व्हायला १९२३ उजाडलं. दावा मात्र गेला नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात तो कलम ९ म्हणून बसला. १९८३ साली आंध्र हायकोर्टाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते राखलं. आजही हुकूम न पाळणाऱ्याच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. पण वकील मंडळी त्याचा खरा उपयोग जाणून आहेत. हुकूम मिळाला आणि वर्षभर दोघं एकत्र आले नाहीत, की कलम १३ खाली तोच हुकूम घटस्फोटाचं कारण होतो. त्यामुळे नांदवण्याचा अर्ज बरेचदा तो करतो, ज्याला नांदायचं नसतं.