कुंथून कुंथून पोट साफ का होत नाही

नमस्कार. विषय संडासाचा आहे आणि समोर इतकी माणसं बसलीयत याचा मला खरंच आनंद झाला, कारण या विषयावर लोक डॉक्टरशीसुद्धा धड बोलत नाहीत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं काम ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, ज्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. आज बायोफीडबॅकबद्दल सांगायचंय, पण त्याच्या आधी एक गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय बाकीचं कळणार नाही.

त्रेचाळीस वर्षांच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. तक्रार काय, तर सकाळी पाऊण तास संडासात बसायचं, कुंथायचं, घाम यायचा, थोडी शी व्हायची, बाहेर आल्यावर वाटायचं अजून आतच आहे, परत जायचं, शाळेची बस निघून जायची. शी कडक नाही बरं का, हे महत्त्वाचं आहे, शी मऊ होती. तरी बाहेर येत नव्हती. कधीकधी बोटाने दाबून काढावी लागायची, आणि हे त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. इसबगोल झालं, गोळ्या झाल्या, लॅक्टुलोजचं सिरप झालं, चूर्ण झालं, कोणी सांगितलं कोमट पाणी, कोणी पपई. कोलोनोस्कोपी झाली, नॉर्मल. मग त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन कमी घ्या.

आता माझी तक्रार ऐका, कारण मी ती प्रत्येक ठिकाणी मांडते. इतक्या वर्षांत, इतक्या दवाखान्यांत, एकाही माणसाने त्यांना ग्लोव्ह घालून, बोट आत घालून, "आता संडासला करता तसा जोर लावा बघू" असं म्हटलं नव्हतं. एका मिनिटाचं काम आहे हो. कोणतं मशीन लागत नाही. तपासणारा जाणकार असेल तर या बोटाच्या तपासणीत अशा चारपैकी तीन पेशंट तरी सापडतात, याचा अभ्यास झालेला आहे. पण पेशंटला लाज वाटते, डॉक्टरकडे वेळ नसतो, आणि तपासणी राहून जाते. औषधांची यादी मात्र लांबत जाते. मला याचं फार वाईट वाटतं, मी उगाच रागावत नाहीये.

त्या बाईंना मी कुशीवर झोपवून तपासलं. आधी म्हटलं, आवळा. आवळलं, ताकद छान. मग म्हटलं, आता बाहेर ढकला. पोट घट्ट झालं, चेहरा लाल झाला, श्वास कोंडला, आणि खाली माझ्या बोटाभोवतीचा स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आणखी घट्ट झाला, आणि बोट पुढे खेचलं गेलं. म्हणजे वरून ढकलणं आणि खाली अडवणं एकाच वेळी चाललं होतं, आणि त्यांना याची काहीच कल्पना नव्हती.

कसं होतं हे, थोडं सांगते. प्युबोरेक्टॅलिस नावाचा एक स्नायू आहे. तो पुढे ओटीपोटाखालच्या जघनाच्या हाडाला अडकलेला असतो, आणि गुदमार्गाच्या मागून वळसा घेऊन परत पुढे येतो, अगदी गोफणीसारखा. एरवी तो आवळलेला असतो म्हणून आतड्याला तिथे बाक येतो, आपण चालताना-बोलताना कोरडे राहतो ते त्यामुळेच. संडासला बसल्यावर हा स्नायू आणि गुदद्वाराची कडी दोन्ही सैल पडतात, बाक सरळ होतो आणि शी बाहेर येते. पोटातला दाब वाढायला हवा आणि खालचा दाब कमी व्हायला हवा. या दोघांचं जमलं नाही की त्याला डिससिनर्जिया म्हणतात. आतड्यात काही बिघाड नसतो, गाठ नसते, फक्त हालचालीचा मेळ चुकलेला असतो.

मेळ का चुकतो? प्रत्येकात कारण सापडतंच असं नाही. काहींना लहानपणापासून असतं, काहींना बाळंतपणानंतर किंवा पाठीच्या दुखापतीनंतर सुरू होतं. फिशर, म्हणजे गुदद्वाराला चीर, झालेलं असेल तर दुखायच्या भीतीने माणूस आवळून धरतो, आणि फिशर बरं झाल्यावरही आवळणं तसंच राहू शकतं. या बाई सांगत होत्या की पहिल्या शाळेत संडासात पाणी नसायचं, म्हणून दिवसभर धरून ठेवायची सवय लागली. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायका हे सांगतात, शाळेतल्या, कचेरीतल्या, शेतातल्या सगळ्या. शाळेत पाण्याचा संडास नसणं हा नुसता सोयीचा प्रश्न नाहीये, तो असा शरीरात उतरतो.

(हॉलमधून कोणीतरी विचारतं, भारतीय पद्धतीच्या संडासावर बसलं तर होत नाही ना?) चांगलं विचारलंत काका. उकिडवं बसल्यावर बाक सरळ व्हायला मदत होते हे खरं, म्हणूनच कमोडवर पायाखाली छोटं स्टूल घ्यायला मी सांगते. पण स्नायूच उलटा आवळत असेल तर उकिडवं बसूनही अडतं, त्या बाईंकडे भारतीय पद्धतीचाच संडास होता.

एक करून बघूया आत्ता. सगळ्यांनी एक हात बेंबीवर ठेवा. हसा हसा, पण करा. आता नाकाने श्वास घ्या आणि हात पुढे येऊ दे. छाती वर नाही, पोट पुढे. आता ओठ गोल करून हळू फुंकर मारा, पोट तसंच पुढे फुगलेलं ठेवा. खाली काहीतरी सैल पडल्यासारखं वाटलं का? पहिल्या ओळीतल्या ताईंना वाटलंय, त्यांचा चेहरा सांगतोय. आता उलटं करा, श्वास कोंडून पोट आत खेचून जोर लावा... पुरे, पुरे. बऱ्याच जणांचं खाली आपोआप घट्ट झालं असेल. ही दुसरी पद्धत त्या बाई वर्षानुवर्षं वापरत होत्या.

बोटाने कळलं तरी मोजून घ्यावं लागतं, कारण बोटाच्या अंदाजावर ट्रेनिंग सुरू करत नाहीत. गुदमार्गात छोट्या फुग्यात ५० मिली कोमट पाणी भरतात आणि खासगी खोलीत कमोडवर बसून तो फुगा बाहेर काढायला सांगतात. साधारण एका मिनिटात यायला हवा. बाईंचा तीन मिनिटांत आला नाही. मग मॅनोमेट्री, म्हणजे बारीक नळीने आतला आणि गुदद्वाराचा दाब मोजणं. त्यांच्या पोटाचा दाब छान वाढत होता, पाऱ्याच्या ५५ मिमीपर्यंत, पण खालचा ७० वरून ९५ वर चढत होता, उतरायला हवा होता. आणि इथे एक सावधगिरी सांगते. कुशीवर झोपून, अनोळखी माणसांसमोर, आत नळी घालून जोर लावायला सांगितलं तर निरोगी माणसाचंही अनेकदा आवळलं जातं. म्हणून एकट्या मॅनोमेट्रीवर निदान करू नका, फुग्याची टेस्टही तेच सांगतेय का ते बघा, आणि तरी शंका राहिली तर शौचाच्या वेळचा एक्सरे किंवा एमआरआय करतात.

अरे, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. बायोफीडबॅक तर आत्ता सुरू होतंय. भराभर सांगते.

बायोफीडबॅक म्हणजे तुमच्या स्नायूचं काय चाललंय ते तुम्हाला स्क्रीनवर दाखवणं. शॉक नाही, करंट नाही. नळी किंवा सेन्सर लावून स्क्रीनवर दोन रेषा येतात, वरची पोटाच्या दाबाची, खालची गुदद्वाराची. बाईंनी पहिल्यांदा जोर लावला, दोन्ही रेषा एकदम वर गेल्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, हे मी करतेय?" म्हटलं हो, तुम्हीच. पहिल्या सेशनला फक्त बसणं आणि श्वास, जोर लावायचाच नाही. दुसऱ्या सेशनला फुंकर मारताना खालची रेषा थोडी उतरली आणि त्या थबकल्या, कारण ते "सैल सोडणं" कसं लागतं हे त्यांना पहिल्यांदा कळलं. मग हळूहळू पोटाचा जोर वाढवत नेला, रेषा परत चढली की थांबायचं, कमी जोराने पुन्हा. वरचा दाब ४० मिमीच्या पुढे आणि खालचा किमान पाचवा भाग उतरलेला, इथपर्यंत आणायचं असतं. त्यानंतर फुगा भरून, मी हलकी ओढ देत, खराखुरा बाहेर काढायचा सराव. त्यांना शीची जाणीवही उशिरा व्हायची, म्हणून फुगा मोठा भरून मग हळूहळू लहान करत तेवढ्यावरही कळवून देण्याचं ट्रेनिंग दिलं. सेशन तासाभराचं, एक-दोन आठवड्यांच्या अंतराने, पाच-सहा लागतात. सहाव्याला फुगा मिनिटाच्या आत बाहेर आला.

घरी काय? रोज थोडा वेळ श्वासाचा सराव. सकाळच्या नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत बसायचं, कारण खाल्ल्यावर आतडं आपोआप चाळवतं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठायचं, मोबाईल आत न्यायचा नाही. इसबगोल एकदम बंद केलं नाही, हळूहळू कमी केलं. आणि बाईंनी व्हिडिओ बघून केगल व्यायाम सुरू केले होते, ते मी आधी थांबवले, ज्याचं आवळणं जास्त आहे त्याला आवळायचा व्यायाम कशाला? परीक्षांच्या काळात जुनी सवय परत आली, तेव्हा एक उजळणीचं सेशन घ्यावं लागलं, तेवढंच.

हे खरंच चालतं का, हे पुराव्यावर बोलायला हवं. इटलीतल्या किआरिओनी यांच्या गटाने २००६ मध्ये बायोफीडबॅक आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे पोट साफ व्हायचं औषध यांची तुलना केली, सहा महिन्यांनी मोठी सुधारणा बायोफीडबॅकवाल्यांत ८० टक्के लोकांना, औषधवाल्यांत २२ टक्के, आणि फायदा दोन वर्षं टिकला. अमेरिकेत सतीश राव यांच्या गटाने खोट्या ट्रेनिंगशी तुलना करून बघितली, खरं ट्रेनिंग सरस ठरलं. पण मेळ चुकलेला नसेल आणि फक्त आतडं संथ असेल, तर त्याच किआरिओनींच्या आधीच्या अभ्यासात जेमतेम ८ टक्के लोकांना बरं वाटलं, मेळ चुकलेल्यांत ७१ टक्के. म्हणून निदान आधी. स्क्रीन बघून शिकायचंय म्हटल्यावर समजूत लागते, त्यामुळे स्मृतिभ्रंश असेल तर जमत नाही. गुदाशय बाहेर येत असेल तर आधी सर्जनला दाखवायचं. आणि रक्त जात असेल, वजन घटत असेल, किंवा पन्नाशीच्या आसपास शौचाची सवय अचानक बदलली असेल, तर माझ्याकडे नाही, आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा.

मशीन मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच आहे, हे खरं. तोपर्यंत श्वास, स्टूल आणि पाच मिनिटांचा नियम आजपासून सुरू करता येईल. डॉक्टरकडे गेलात की तोंड उघडून सांगा, "शी मऊ आहे पण बाहेर येत नाही, अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, बोटाने दाबावं लागतं." हे तिन्ही शब्दशः सांगा, लाजू नका. आणि विचारा, बोटाने तपासताना जोर लावून बघाल का.