एकोणपन्नास रुपये बत्तीस पैसे

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘सोनेतारण कर्ज: कोणत्याही तारखेची बंद रक्कम कशी काढावी’. कर्ज बंद करायला त्या दिवशी जेवढे पैसे भरावे लागतात ती ही रक्कम. ती काढून दाखवणारच आहे, पण आधी थोडं पावतीच्या मागच्या बाजूबद्दल बोलू द्या. सोनं तारण ठेवल्यावर मिळणाऱ्या पावतीवर पुढच्या बाजूला दागिन्यांचं वजन, कॅरेट आणि मिळालेली रक्कम असते, ती सगळे वाचतात. मागच्या बाजूला दरांचा तक्ता असतो, तो घडी घालून पाकिटात जातो आणि दागिने सोडवायच्या दिवशीच बाहेर येतो.

एक तक्ता धरून चालू. दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या पावतीवर वेगळे असतील. ३० दिवसांपर्यंत वर्षाला १२ टक्के, ३१ ते ६० दिवस १५, ६१ ते ९० दिवस १८ आणि ९० च्या पुढे २४. मुद्दल १ लाख. आता सांगा, ९१ व्या दिवशी व्याज किती?

बहुतेकांच्या मनात येतं ते असं: पहिले ३० दिवस १२ नं, पुढचे ३० दिवस १५ नं, त्यापुढचे ३० दिवस १८ नं आणि उरलेला एक दिवस २४ नं. त्या हिशोबानं ३,७६४ रुपये होतात. प्राप्तिकराचे टप्पे तसेच असतात, त्यामुळे मन आपोआप तिकडे जातं. पण अशा बऱ्याच योजनांत ९१ व्या दिवशी सगळ्या ९१ दिवसांना २४ टक्के लागतात, म्हणजे ५,९८४ रुपये. आदल्या दिवशी, ९० व्या दिवशी, सगळ्या ९० दिवसांना १८ लागले असते, म्हणजे ४,४३८. एका रात्रीत पंधराशे पंचेचाळीस रुपये वाढले. इतकं भाडं तर हॉटेलच्या खोलीलाही द्यायला माणूस दहा वेळा विचार करतो!

यात लबाडी नाही, योजना मांडलीच तशी जाते. करारातला दर असतो २४. खालचे सगळे दर म्हणजे ‘वेळेत व्याज भरलंत तर सूट’. वेळ चुकली की सूट जाते, आणि ती पहिल्या दिवसापासून जाते. म्हणून तक्ता वाचताना दर नंतर बघा, आधी ‘सूट’, ‘रिबेट’ किंवा ‘संपूर्ण कालावधीसाठी’ असे शब्द शोधा. ते नसतील तर काउंटरवर एकच प्रश्न विचारा: ९० व्या आणि ९१ व्या दिवशी किती भरावे लागतील? दोन्ही आकडे पावतीवरच लिहून घ्या.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, आणि तो जरा लांबणार. अशा योजनांत दिवस बहुधा कर्ज घेतल्यापासून मोजत नाहीत, शेवटचं व्याज *पूर्ण* फिटल्यापासून मोजतात. पूर्ण या शब्दाखाली रेघ ओढा. समजा ४५ व्या दिवशी तुम्ही व्याज भरायला गेलात. दर १५, व्याज १,८४९ रुपये ३२ पैसे. तेवढे भरलेत की दिवसांचं घड्याळ शून्यावर येतं. मग १०० व्या दिवशी कर्ज बंद केलंत तर मधले दिवस ५५, दर पुन्हा १५ आणि व्याज २,२६० रुपये. दोन्ही मिळून ४,११० रुपये.

आता तोच माणूस १,८०० रुपये भरतो. खिशात तेवढेच असतात, किंवा ॲपमध्ये गोल आकडा टाकायची सवय असते. पैसे व्याजात जमा होतात, पावती मिळते, मेसेज येतो, सगळं छान. पण ४९ रुपये ३२ पैसे राहिले, म्हणून घड्याळ थांबलं नाही. १०० व्या दिवशी दर २४, तोही शंभरच्या शंभर दिवसांना: ६,५७५ रुपये. त्यातून भरलेले १,८०० वजा, म्हणजे अजून ४,७७५. एकूण व्याजात फरक पडला २,४६६ रुपयांचा, आणि तो पन्नासपेक्षाही कमी रुपये भरायचे राहिल्यामुळे! मेसेज ‘रक्कम मिळाली’ एवढंच सांगतो, व्याज पूर्ण फिटलं का ते बहुधा सांगत नाही. भरण्याच्या पावतीवर ‘व्याज भरलेली तारीख’ पुढे सरकली का ते बघा. तारीख तीच राहिली असेल तर त्याच दिवशी उरलेले पैसे भरा.

हसताय, पण एक तारीख सांगा. १ जानेवारीला कर्ज घेतलं, महिना झाला म्हणून १ फेब्रुवारीला व्याज भरलं. दिवस किती? ३१. तक्त्यात महिना नसतो, दिवस असतात. ३० व्या दिवशी ९८६ रुपये झाले असते, ३१ व्या दिवशी १,२७४ होतात. काही ठिकाणी कर्ज दिलेला दिवसही मोजतात, मग ३० वा दिवस ३० जानेवारीलाच येतो. म्हणून काठावर जाऊच नये, दोन दिवस आधी भरावं.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय आता घाईत.

बंद रकमेसाठी तीनच गोष्टी लागतात: आजचं उरलेलं मुद्दल, व्याज जिथवर फिटलं ती तारीख, आणि बंद करायची तारीख. संगणकावरच्या तक्त्यात B1 मध्ये मुद्दल, B2 आणि B3 मध्ये त्या दोन तारखा, B4 मध्ये `=B3-B2`. व्याज असं:

```
=B1*IFS(B4<=30,12%,B4<=60,15%,B4<=90,18%,TRUE,24%)*B4/365
```

हे व्याज अधिक मुद्दल अधिक पावतीवर लिहिलेले खर्च. मध्ये अर्धवट व्याज भरलं असेल तर B2 तीच ठेवा आणि भरलेली रक्कम शेवटी वजा करा.

मुद्दलात भरणा केला तर? रक्कम आधी खर्चात, मग व्याजात आणि उरेल ती मुद्दलात जाते. ४५ व्या दिवशी २०,००० भरले तर १,८४९ व्याजात गेले आणि मुद्दल ८१,८४९ उरलं. १०० व्या दिवशी ५५ दिवसांचं १५ नं व्याज १,८५० रुपये, बंद रक्कम ८३,६९९. पण तुमच्या योजनेत दिवस कर्जाच्या तारखेपासूनच मोजत असतील आणि या ५५ दिवसांना २४ लागत असतील, तर ८४,८०९. तुमचं गणित आणि काउंटरवरचा आकडा जुळला नाही तर आधी हा खुलासा मागा, भांडण नंतर.

महिन्याच्या मध्ये कर्ज फेडलं तरी अख्ख्या महिन्याचं व्याज घेणं ही गैरवाजवी प्रथा आहे, असं रिझर्व्ह बँकेनं २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय. व्याज पैसे प्रत्यक्ष हातात पडल्यापासून, मंजुरीच्या तारखेपासून नाही, हेही त्यातच आहे. मुदत उलटल्यावरचा दंड शुल्क म्हणून वेगळा दाखवायचा, दरात मिसळायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही; हे ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक. दोन्हींच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत.

आणि रात्री साडेअकराला ॲपवरून भरणार असाल तर ‘आजची रक्कम’ आजचीच असते. जमा उद्याच्या तारखेनं झाली तर एका दिवसाचं व्याज कमी पडतं, म्हणजे पुन्हा तेच ४९ रुपये. शेवटचा भरणा दिवसाउजेडी करा, आणि जमेची तारीख बघूनच दागिने घ्यायला जा. बरं, उठतो, पुढचे वक्ते ताटकळलेत.