वजन भरपूर, ताकद कमी: काकूंचा रिपोर्ट नीट वाचूया

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आज मला तुम्हाला एका काकूंबद्दल सांगायचंय. या काकू म्हणजे कोणी एकच बाई नाही, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी मिळून बनलेल्या आहेत, आणि आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून मी ठरवलेत.

काकूंचं वय ६८, उंची १५० सेंटिमीटर, वजन ६८ किलो. तक्रार काय, तर खाली बसलं की उठता येत नाही, बसच्या पायऱ्या चढताना दांडा धरून अंग ओढून घ्यावं लागतं, बरणीचं झाकण उघडत नाही. घरचे म्हणतात वजन वाढलंय म्हणून होतंय, कमी खा. काकूही तेच म्हणतात. आणि चूक कोणाचीच नाही हो, कारण दिसतं ते वजनच. अंग भरलेलं असलं की आत स्नायू वाळत चाललेत असं कोणाच्या मनातसुद्धा येत नाही. वयाबरोबर स्नायू आणि ताकद दोन्ही घटतात त्याला सार्कोपेनिया म्हणतात, आणि तेच जर वाढलेल्या चरबीबरोबर आलं तर सार्कोपेनिक ओबेसिटी.

आता हे ओळखायचं कसं? काकूंना मी आधी हातात पकडमापक दिलं, म्हणजे मुठीत दाबायचं यंत्र, ते १५ किलोच दाखवतंय. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली जी मापं ठरवली त्यात बाईची पकड १८ किलोच्या खाली आणि पुरुषाची २८ च्या खाली गेली तर ती कमी धरतात. मग खुर्ची. हात छातीवर बांधून, आधार न घेता, पाच वेळा उठायचं आणि बसायचं, १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी. काकूंना १६ लागले. (घरी करून बघणार असाल तर खुर्ची भिंतीला टेकवा आणि शेजारी कोणीतरी उभं राहू दे.)

ताकद कमी आहे हे कळलं, मग केला डेक्सा स्कॅन, तोच जो हाडांसाठी करतात, पण पूर्ण शरीराचा, त्यात चरबी वेगळी आणि हातापायातलं मऊ मांस वेगळं मोजून मिळतं. काकूंची चरबी आली ४४ टक्के, आणि हातापायांचे स्नायू १२.९ किलो.

खरी गंमत इथे आहे आणि इथेच बरेच रिपोर्ट चुकीचे वाचले जातात. १२.९ किलो हे कमी की पुरेसं? जुनी रीत अशी की स्नायूंना उंचीच्या वर्गाने भागायचं. दीड गुणिले दीड म्हणजे २.२५, त्याने १२.९ ला भागलं की ५.७ येतं, आणि बायकांसाठी आशियाई सीमा आहे ५.४. म्हणजे काकू पास! रिपोर्टवर लिहून येतं, स्नायू नॉर्मल. पण जाड माणसाचे स्नायू एकूण किलोत जास्तच असतात, कारण ते शरीर रोज ओझं वाहून वाहून थोडेफार स्नायू बनवतंच, त्यामुळे उंचीशी तुलना केली की जाड लोक सुटून जातात. प्रश्न हा आहे की एवढं ६८ किलोचं शरीर उचलायला हे १२.९ किलो पुरतात का? म्हणून २०२२ साली युरोपातल्या पोषणाच्या आणि लठ्ठपणाच्या दोन संघटनांनी, एस्पेन आणि इआसो, मिळून जी व्याख्या केली त्यात स्नायूंना वजनाने भागतात. १२.९ भागिले ६८, म्हणजे जवळपास १९ टक्के. बायकांसाठी जी सीमा तिथे सुचवलीय ती १९.४. आता काकू नापास, आणि चरबी ४४ टक्के, जी या वयाच्या आशियाई बायकांसाठी घेतल्या जाणाऱ्या ४१ च्या वर आहे. आधी ताकद कमी, मग चरबी जास्त आणि स्नायू कमी हे दोन्ही एकत्र, तेव्हाच निदान. एकच आकडा घेऊन बसलात तर नाही होत.

आणि नुसत्या बीएमआयवर तर अजिबात विसंबू नका. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता, दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांची चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या अंगातही चरबी जास्त असू शकते, म्हणून चाळणी लावताना कंबर मोजायची, आपल्यात बायकांची ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटर ही सीमा धरतात.

बरं, आता पुढची गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. काकूंनी डाएट केलं, रात्री नुसतं सूप, आणि सहा किलो उतरले. घरात आनंद. पण डाएटने उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबी नसलेल्या मांसाचा असतो. समजा त्यात हातापायांचे ७०० ग्रॅम गेले, राहिले १२.२ किलो. वजन ६२. भागा, १९.७ टक्के आले, म्हणजे १९.४ च्या वर. चरबी बरोबर ४१ वर, म्हणजे सीमेच्या वर नाही. उंचीच्या हिशोबानेही ५.४ च्या कडेवर पास. कागदावर काकू बऱ्या झाल्या! पण पकड १५ ची १४ झालीय आणि खुर्चीला १६ चे १८ सेकंद लागतायत. स्नायू खरं तर घटलेत, फक्त भागणारं वजन त्याहून जास्त घटलं म्हणून टक्का वर गेला. व्याख्येत ताकद पहिल्या पायरीवर ठेवलीच आहे, आणि पुन्हा तपासणी करताना मी टक्के बघायच्या आधी स्नायूंचे नुसते किलो आणि पकड बघते.

मग वजन कमी करायचंच नाही का? करायचं, पण वजन उचलण्याच्या व्यायामासकट. अमेरिकेत १६० लठ्ठ ज्येष्ठांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, सहा महिने, व्यायाम करणाऱ्या सगळ्या गटांचं डाएट सारखंच, पण चालण्यासारखा एरोबिक व्यायाम करणाऱ्यांचं चरबी नसलेलं मांस ५ टक्के घटलं, वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांचं ३ टक्के. रोजच्या हालचालीत मात्र दोन्ही करणारेच सगळ्यात पुढे गेले. आहारात दिवसाला किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रोटीन होतं, म्हणजे काकूंना ६०-६५ ग्रॅम, डाळ, दही, अंडी, मासे मिळून. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. काकूंना मी सूप बंद करायला लावलं आणि खुर्चीवरून उठणं-बसणं दिवसातून तीन वेळा, सुरुवातीला खाली उशी ठेवून, मग उशी काढून, मग हातात एकेक पाण्याची बाटली घेऊन.

शेवटी एक सांगते, स्कॅनला जाताना हाडांचा डेक्सा नको, पूर्ण शरीराची बॉडी कॉम्पोझिशन हवी असं स्पष्ट सांगा, नाहीतर कंबर आणि खुब्याच्या हाडांचा रिपोर्ट हातात पडेल आणि पैसे जातील. जिममधल्या पाय ठेवून चरबी सांगणाऱ्या मशीनवर मोजत असाल तर ती अंगातल्या पाण्यावरून अंदाज करते, त्यामुळे पायाला सूज असेल तर स्नायू जास्त दाखवते. दर वेळी त्याच मशीनवर, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि चहा-नाश्त्याच्या आधी मोजा, आणि सोबतच्या वहीत त्याच दिवशीचे खुर्चीचे सेकंद लिहून ठेवा.