सोलापुरात टोल्युईन लवकर का उकळते?

मंडळी, सुरुवात आमच्या प्रयोगशाळेतल्या एका दुपारपासून करतो. बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी टोल्युईनचे ऊर्ध्वपातन करत होती. पुस्तकात टोल्युईनचा उत्कलनबिंदू 110.6 अंश सेल्सिअस दिलेला आहे, आणि तिचा तापमापक 108.7 वर येऊन थांबला. ती म्हणाली, "सर, टोल्युईन भेसळीचं दिसतंय." मी तिला विचारलं, "आपण कुठे उभे आहोत?" तिला वाटलं, मी प्रयोगशाळेबद्दल विचारतोय. मी सोलापूरबद्दल विचारत होतो.

आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. त्यामुळे इथला हवेचा दाब 760 मिलिमीटर नसतो, तो 720 च्या आसपास असतो. दाबात सुमारे पाच टक्के घट. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण किती लवकर? टोल्युईनसाठी वेगळं कोष्टक, हेक्झेनसाठी वेगळं, क्लोरोफॉर्मसाठी वेगळं, असं करत बसायचं का? बहुतेक वेळा तशी गरज पडत नाही. याचं कारण डब्लिनच्या फ्रेडरिक ट्राउटन या विशीतल्या तरुणाने 1884 साली मांडलेल्या एका नियमात आहे.

द्रवाची वाफ करायला जी उष्णता लागते, तिला आपण शाळेत अप्रकट उष्मा म्हणतो. एक ग्रॅम बेंझीनला साधारण 393 ज्यूल लागतात आणि एक ग्रॅम कार्बन टेट्राक्लोराइडला 194. या आकड्यांत काही साम्य दिसत नाही. पण ग्रॅम सोडा आणि मोल धरा, म्हणजे दोन्हीकडे रेणूंची संख्या सारखी घ्या. मग त्या उष्णतेला केल्विनमधल्या उत्कलनबिंदूने भागा. बेंझीनचे 30,720 ज्यूल भागिले 353, उत्तर 87. कार्बन टेट्राक्लोराइडचे 29,820 भागिले 350, उत्तर 85. टोल्युईन 86. ईथर तर 35 अंशालाच उकळतो, तरी त्याचंही 86. हा भागाकार म्हणजे उकळताना द्रवाची वाफ झाल्यावर वाढलेली एन्ट्रॉपी, प्रति केल्विन प्रति मोल ज्यूलमध्ये. साध्या द्रवांना ती 85 ते 88 च्या पट्ट्यात सापडते. यालाच ट्राउटनचा नियम म्हणतात.

हे असं का होतं, ते मला फार आवडतं, म्हणून इथे थोडं थांबतो. एन्ट्रॉपी म्हणजे रेणूंना हिंडायला, मांडणी बदलायला किती वाव आहे याचं माप. वाफेत हा वाव जवळजवळ सगळ्यांना सारखाच मिळतो, कारण एक मोल वाफ, मग ती कशाचीही असो, दिलेल्या दाबाला आणि तापमानाला साधारण तेवढीच जागा घेते. बेंझीनच्या उत्कलनबिंदूला ती जागा सुमारे 29 लिटर भरते. आता 87 ला वायूच्या स्थिरांकाने, म्हणजे 8.314 ने भागा. उत्तर येतं साडेदहा. वाव साडेदहाने वाढला म्हणजे, नैसर्गिक लॉगच्या हिशोबाने, मोकळी जागा सुमारे 35 हजार पटींनी वाढली. मग 29 लिटरचा पस्तीस हजारावा भाग किती? एक मिलिलिटरही नाही. एक मोल द्रव बेंझीन उकळताना जवळजवळ शंभर मिलिलिटर जागा अडवतं, पण त्यात रेणूंना खरोखर हलायला मिळणारी मोकळी जागा एवढीशीच असते. हिशोब ढोबळ आहे, पण चित्र खरं आहे. साधे द्रव असेच दाटीवाटीचे असतात, म्हणून आकडा सारखा येतो.

आता त्या विद्यार्थिनीचं उत्तर. उत्कलनबिंदू किती खाली येईल, हे काढायला केल्विनमधलं तापमान, दाबातली घट आणि हा साडेदहाचा आकडा पुरतो. टोल्युईनचे 384 केल्विन गुणिले 0.053, भागिले साडेदहा. उत्तर 1.9 अंश. 110.6 मधून 1.9 गेले, 108.7 उरले. टोल्युईन शुद्ध होतं.

याच रीतीने पाण्याचं पाहू. पाण्याचा भागाकार 87 येत नाही, 109 येतो. कारण द्रव पाण्यात रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. उकळत्या पाण्यातही ही पकड बरीच शिल्लक असते, म्हणून द्रवातला वाव साध्या द्रवापेक्षा कमी आणि वाफ होताना झेप मोठी. इथेनॉलचा आकडाही 110 च्या जवळ, कारण तेच. पाण्यासाठी साडेदहाऐवजी 13.1 ने भागायचं, उत्तर दीड अंश. म्हणजे सोलापुरात पाणी साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं.

मिथेनचा आकडा मात्र 73 येतो, आणि तिथे बंधांचा प्रश्नच नाही. मिथेन 112 केल्विनला उकळतो, त्या थंडीत एक मोल वाफ 29 लिटर नाही, 9 लिटरच भरते. म्हणजे वाफेलाच वाव कमी मिळाला. 9 ची 29 लिटर केली तर साडेनऊ-दहा ज्यूलची भर पडते आणि आकडा 83 च्या आसपास येतो. जोएल हिल्डब्रँड यांनी 1915 साली हीच दुरुस्ती सुचवली होती. सारख्या दाबाला नको, वाफेच्या सारख्या विरळपणाला तुलना करा.

शेवटी अ‍ॅसेटिक आम्ल. रंगाईच्या कामातल्यांना त्याचा वास चांगला ठाऊक असेल. पाण्याला हायड्रोजन बंध आहेत तर यालाही आहेत. मग आकडा 109 च्या घरात यायला हवा. प्रत्यक्षात तो 61 येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला छापण्यातली चूक वाटली होती.

चूक नाही. अ‍ॅसेटिक आम्लाचे दोन रेणू समोरासमोर येऊन दोन हायड्रोजन बंधांनी असे घट्ट जुळतात, की वाफ झाली तरी जोडी बऱ्याच अंशी सुटत नाही. याचा पुरावा वाफेच्या घनतेत मिळतो. एका रेणूचं वजन 60, पण उत्कलनबिंदूला वाफेच्या घनतेवरून वजन काढलं तर ते 95 च्या आसपास येतं. म्हणजे मोल म्हणून आपण 60 ग्रॅम घेतले, पण वाफेत तेवढे सुटे कण नव्हतेच. त्याऐवजी 95 ग्रॅमचा हिशोब धरला, तर 61 चे 96 होतात.

आता नुसत्या 61 वर विसंबून सोलापूरची दुरुस्ती काढली तर 2.8 अंश येते. वाफेतले खरे कण मोजून, म्हणजे 96 धरून काढली तर 1.8. पुढच्या आठवड्यात त्याच विद्यार्थिनीने शुद्ध अ‍ॅसेटिक आम्ल उकळलं. पुस्तकातला आकडा 117.9. दोन्ही अंदाज तिने आधीच वहीत लिहून ठेवले होते, 115.1 आणि 116.1. तापमापक 116 च्या थोडा वर जाऊन थांबला. ज्या जोड्या डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत, त्यांची खूण तिने एका अंशाच्या फरकात वाचली होती.