स्टॉप 400 ला लावला, माल 398 ला गेला: SL आणि SL-M मधला खरा फरक

नमस्कार मंडळी, मी डिचोलीहून बोलतोय, बाहेर पाऊस जोरात आहे त्यामुळे मागे पत्र्यांचा आवाज आला तर चालवून घ्या.

आज एकच प्रश्न घेतो, जो मला सारखा कोणी ना कोणी विचारतं. फोंड्याच्या एका मित्राने परवा विचारला तो असा, की अरे मी स्टॉपलॉस 400 ला लावला होता आणि माझे शेअर 398 ला विकले, म्हणजे ब्रोकरने मधले दोन रुपये खाल्ले काय? नाही रे बाबा, खाल्ले नाहीत. तुझा स्टॉप 400 ला लागला म्हणजे 400 ला विक्री झाली असा अर्थच होत नाही, 400 ला फक्त तुझी ऑर्डर जागी झाली. जागी झाल्यावर ती काय करणार हे तू आधी निवडलेलं असतं, आणि तिथेच सगळी गंमत आहे.

आपल्या अ‍ॅपवर दोन बटणं असतात, SL आणि SL-M. SL म्हणजे स्टॉपलॉस लिमिट, SL-M म्हणजे स्टॉपलॉस मार्केट. दोघांना ट्रिगर लागतो, म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी व्हायची तो भाव. शेवटचा सौदा तुमच्या ट्रिगरला किंवा त्याच्या खाली झाला की SL-M ची होते मार्केट ऑर्डर, म्हणजे जो भाव मिळेल त्या भावात विक. SL ची होते लिमिट ऑर्डर, म्हणजे मी दिलेल्या भावाच्या खाली विकू नको. एक भावाची हमी देत नाही, दुसरी विक्रीची हमी देत नाही. शांत बाजारात दोन्ही जवळपास सारख्याच वागतात म्हणून लोक लक्ष देत नाहीत, धबाधबा पडत्या बाजारात मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

(स्क्रीनवर डेप्थ)

हे बघा, एक काल्पनिक शेअर घेऊ, माझ्याकडे 1000 शेअर आहेत, ट्रिगर 400. भाव घसरत 400 ला आला त्या क्षणी डेप्थमध्ये, म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या यादीत, घेणारे कोण उभे आहेत ते डाव्या बाजूला दिसतंय. 399.60 ला 150 शेअर घेणारा, 399.20 ला 250, 398.50 ला 200, 397 ला 300, आणि 395.50 ला 800.

SL-M असेल तर माझे 1000 शेअर वरून खाली एकेक पायरी उतरत जाणार. पहिल्या चार पायऱ्यांवर 900 संपतात, उरलेले 100 जातात 395.50 ला. सरासरी पडते 398.09. म्हणजे ट्रिगरपासून शेअरमागे 1 रुपया 91 पैसे, एकूण 1,910 रुपये स्लिपेज. मित्राचे दोन रुपये असे गेले, कोणी खिशात घातले नाहीत, खाली तेवढे घेणारेच नव्हते.

आता तोच माणूस चिडून म्हणतो की मग मी SL लावतो, ट्रिगर 400 आणि लिमिट 399, एक रुपयाच्या वर तोटा सोसणारच नाही. बरं. ऑर्डर जागी झाली, 150 गेले 399.60 ला, 250 गेले 399.20 ला, आणि पुढचा घेणारा 398.50 ला आहे जो लिमिटच्या खाली, म्हणून 600 शेअर 399 चा बोर्ड लावून विक्रीच्या रांगेत उभे. बाजार खाली निघून गेला, भाव 384. आता घाबरून हाताने विकले तर त्या 600 वर शेअरमागे 16 रुपये, म्हणजे 9,600, वर पहिल्या 400 चे 260, एकूण 9,860. दोन हजार वाचवायला गेला आणि दहा हजाराला बसला.

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माटोळीच्या बाजारात एखादा विक्रेता असतो ना, जो भाव पडला तरी पन्नासच्या खाली देणार नाही म्हणून अडून बसतो आणि काळोख पडल्यावर ती टोपली तशीच घरी नेतो, अगदी तोच प्रकार.

आता एक गोष्ट, जी माझ्या मते नवीन लोकांपैकी बहुतेकांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. लिमिट 395 दिली म्हणजे माल 395 ला जाणार असं नाही! लिमिट म्हणजे तळ, त्याच्या वर जो चांगला भाव उभा आहे तो आधी मिळतो. वरच्याच डेप्थमध्ये ट्रिगर 400 लिमिट 395 लावलं असतं तर सगळे 1000 गेले असते, सरासरी तीच 398.09, SL-M इतकीच, एक पैसा कमी नाही. म्हणजे ट्रिगर आणि लिमिटमध्ये मोकळी जागा ठेवायला काही पैसे पडत नाहीत, त्या जागेचा वापर फक्त वाईट वेळी होतो. तरी लोक पन्नास पैशांची, रुपयाची जागा ठेवतात, कारण त्यांना वाटतं की मोठी जागा म्हणजे मोठा तोटा कबूल केला.

मग नेहमी 395 लावा आणि झोपा, असं आहे का? तेही नाही, कारण ती डेप्थ मी फ्रीज करून दाखवली. खऱ्या पडत्या बाजारात 400 सारख्या गोल आकड्यावर फक्त तुमचा स्टॉप नसतो, शेकडो लोकांचे असतात, त्यात 400.50, 401 वाल्यांचे तुमच्या आधी सुटतात. शिवाय खाली उभे असलेले घेणारे पडझड बघून आपल्या बिड काढून घेतात. म्हणजे आपण ऑर्डर टाकताना जी डेप्थ बघितली ती ऑर्डर जागी होईपर्यंत उरलेलीच नसते. समजा पुढच्या गर्दीने त्या पाचही पायऱ्या खाऊन टाकल्या आणि तुमची पाळी आली तेव्हा पहिला घेणारा 392 ला आहे. SL-M वाला विकून मोकळा होतो, समजा सरासरी 391, म्हणजे 9,000 गेले. दुखतं, पण विषय संपला. 395 लिमिटवाल्याचा एकही शेअर गेला नाही. आता पुढे भाव 384 ला जाऊन तिथेच बसला तर त्याचे 16,000, आणि भाव उसळून 395 ला परत आला तर तो 5,000 मध्ये सुटला. त्यामुळे कुठली ऑर्डर चांगली हे ठरतं पडझड कुठल्या जातीची आहे यावर, आणि ते त्या क्षणी कोणालाच माहीत नसतं, माझ्यासकट.

दोन्ही जाती आपल्याकडे झाल्या आहेत. 5 ऑक्टोबर 2012 ला एका ब्रोकरच्या टेबलवरून चुकून साधारण 650 कोटींच्या विक्रीच्या ऑर्डरी गेल्या, निफ्टी क्षणात 900 च्या आसपास पॉइंट खाली, व्यवहार थांबले, आणि दिवस बंद झाला 5,746.95 ला, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा जेमतेम 40 पॉइंट खाली. त्या काही क्षणांत ज्यांचं मार्केट स्टॉप सुटलं त्यांचा माल कवडीमोलाने गेला आणि भाव लगेच वर आले, लिमिटवाले मात्र वाचले. आता दुसरा दिवस आठवा, 4 जून 2024, लोकसभेचा निकाल. निफ्टी आदल्या दिवशी 23,263.90, त्या दिवशी खाली 21,281 पर्यंत आणि बंद 21,884.50. ही चूक नव्हती, खरी विक्री होती, तिथे सकाळी वरच्या भावात घट्ट लिमिट लावून बसलेला माणूस दिवसभर स्क्रीनकडे बघत राहिला असणार.

माझं मत विचाराल तर, रोज भरपूर उलाढाल असलेला मोठा शेअर असेल आणि तुम्हाला काहीही करून बाहेर पडायचंच असेल तर SL-M. उलाढाल पातळ असेल, डेप्थमध्ये पायऱ्या लांब लांब असतील, तर SL, पण मोकळी जागा देऊन, निदान एक-सव्वा टक्का, आणि आपल्या क्वांटिटीच्या दोन-तीन पट माल जिथपर्यंत खपतोय तिथपर्यंत लिमिट खाली. हा काही नियम नाही, मी असं करतो.

ऑप्शनमध्ये तर निवडच नाही. एनएसईने सप्टेंबर 2021 पासून ऑप्शनला SL-M बंद केलं, कारण पातळ डेप्थमध्ये मार्केट ऑर्डरी घुसून प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, क्षणभर भलतीकडेच जायचा. बीएसईवर तर ऑक्टोबर 2023 पासून SL-M सगळीकडेच बंद. म्हणजे ऑप्शनवाल्यांनो, तुमच्याकडे फक्त SL, आणि 80 रुपयांच्या प्रीमियमला एक रुपयाची जागा ठेवणं म्हणजे सव्वा टक्का झाला तरी ऑप्शनसाठी काहीच नाही, तो एका झटक्यात पाच-सात रुपये उडी मारतो.

आता अडकलो हे कळतं कसं? ऑर्डरबुक उघडा. जोपर्यंत स्टॉप लागला नाही तोपर्यंत बऱ्याच अ‍ॅपवर TRIGGER PENDING दिसतं. ते बदलून OPEN झालं आणि समोर 400/1000 असं काही दिसलं, की समजा तुमची 600 लटकली आहेत. त्या वेळी लोक काय करतात, पोझिशनवर जाऊन एक्झिट दाबतात, 600 विकले जातात, हुश्श करतात, आणि ती जुनी 399 वाली ऑर्डर तशीच राहते! अर्ध्या तासाने भाव उसळून 399 ला येतो, तीही भरते, आणि तुम्ही इंट्राडेमध्ये असाल तर 600 शेअर शॉर्ट होऊन बसता, म्हणजे हातात नसलेला माल विकून बसता, वर चढत्या बाजारात. म्हणून नवीन ऑर्डर टाकू नका, त्याच लटकलेल्या ऑर्डरवर मॉडिफाय करा, लिमिट खाली ओढा किंवा तिलाच मार्केट करा.

आणि ज्यांना वाटतं SL-M लावलं की सुटका पक्की, त्यांच्यासाठी. शेअर लोअर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या सर्वात खालच्या मर्यादेला लागला की घेणाराच नसतो, मग तुमची मार्केट ऑर्डरही विक्रेत्यांच्या लांब रांगेत शेवटी उभी राहते. रात्रीचंही तसंच. SL आणि SL-M दोन्ही दिवसापुरत्या असतात, साडेतीनला बाजार बंद झाला की संपल्या. 7 एप्रिल 2025 ला निफ्टी आदल्या 22,904 वरून थेट 21,758 ला उघडला, मधल्या हजारभर पॉइंटांत कुठे सौदाच झाला नाही, तर 22,500 चा स्टॉप 22,500 ला भरणार कसा? GTT, म्हणजे ट्रिगर लागेपर्यंत बरेच दिवस ब्रोकरकडे उभी राहणारी ऑर्डर, ती वापरणाऱ्यांनी एक बघून ठेवा, ट्रिगर लागल्यावर तुमचा ब्रोकर पुढे लिमिट ऑर्डर पाठवतो की मार्केट, कारण बऱ्याच ठिकाणी ती लिमिट असते आणि अशा गॅपमध्ये ती वरच लटकते. पुढच्या व्हिडिओत ह्या GTT चीच सेटिंग उघडून दाखवतो, लाईट राहिली तर.